सुट्टीच्या दिवशीचं ट्रेनिंग : सही घेता, मग तास का नाही मांडत?



आपल्या वस्तीतल्या घराघरांतून कोणी ना कोणी दवाखान्यात कामाला आहे. कोणी वॉर्डबॉय, कोणी आया, कोणी हाउसकीपिंगला, कोणी लॉन्ड्रीत. बहुतेक सगळे कंत्राटावर. या पानावर आम्ही आजवर रक्तदाबावर लिहिलं, पोरांच्या लसीकरणावर लिहिलं. आज पगाराबद्दल लिहितो आहोत. आरोग्याच्या पानावर पगार कशाला, असं कोणी म्हणेल. शेवटपर्यंत वाचा, हा प्रश्न आरोग्याचाच आहे हे पटेल.

आमच्या वस्तीतल्या एक ताई एका खाजगी रुग्णालयात कंत्राटदारामार्फत सफाईचं काम करतात. ड्युटी सकाळी सात ते दुपारी साडेतीन, मध्ये अर्धा तास जेवणाची सुट्टी. म्हणजे कामाचे आठ तास. सोमवार ते शनिवार सहा दिवस, रविवार सुट्टी. एका बुधवारी ड्युटी सुटता सुटता सुपरवायझरने सांगितलं, कोणी जायचं नाही, आग विझवण्याचं ट्रेनिंग आहे. शिकवणारे साहेब चार वाजता आले. साडेपाचला सुटका झाली. त्याच आठवड्यात रविवारी सकाळी दहाला पुन्हा बोलावलं, जैववैद्यकीय कचऱ्याच्या ट्रेनिंगला. ते दीड वाजेपर्यंत चाललं, मध्ये अर्धा तास चहा-नाश्ता. ताईंचा रविवार म्हणजे विहारातली वंदना, आठवड्याचे कपडे आणि सासूबाईंना डोक्यावरून अंघोळ. तिन्ही राहिलं. महिन्याच्या शेवटी पगाराच्या स्लिपवर ओव्हरटाईमच्या रकान्यात शून्य होतं.

ताईंनी विचारलं तेव्हा सुपरवायझर म्हणाला, "ट्रेनिंग म्हणजे काय काम असतं का? खुर्चीवर बसलात, समोसा खाल्लात, वर सर्टिफिकेट मिळालं. तुमच्याच फायद्याचं आहे."

आमचं मत स्पष्ट आहे. हजर राहणं सक्तीचं असेल तर ते ट्रेनिंग म्हणजे काम. त्याचा पैसा मिळाला पाहिजे, आणि ते तास आठवड्याच्या बेरजेत धरले पाहिजेत. का, ते एकेक करून सांगतो.

ट्रेनिंग कोणाची जबाबदारी?

सुपरवायझर म्हणतो, ट्रेनिंग तुमच्या फायद्याचं. कायदा काय म्हणतो? जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये रुग्णालय चालवणाऱ्याची कर्तव्यं लिहिली आहेत. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला कामावर घेताना आणि त्यानंतर वर्षातून किमान एकदा प्रशिक्षण द्यायचं, हे त्यातलं एक कर्तव्य. किती प्रशिक्षणं झाली, किती जणांना दिलं, किती जण राहिले, हे सगळं रुग्णालयाला वार्षिक अहवालात लिहून द्यावं लागतं. तो अहवाल दरवर्षी ३० जूनपर्यंत जातो. याच नियमांत कर्मचाऱ्यांना कावीळ बी आणि धनुर्वाताची लस देणं आणि वर्षातून एकदा आरोग्य तपासणी करणं हेही रुग्णालयाचं कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. ताई रविवारी त्या खुर्चीवर बसल्या तेव्हा रुग्णालयाच्या डोक्यावरची एक कायदेशीर जबाबदारी पार पडत होती. ताई आल्या नसत्या तर "प्रशिक्षण न झालेले" या रकान्यात रुग्णालयाला एक आकडा वाढवावा लागला असता. फायदा ताईंचाही आहे, नाही कोण म्हणतं? सुई टोचू नये हे त्यांनाही हवंच आहे. पण हातमोजेसुद्धा त्यांच्याच फायद्याचे असतात, म्हणून कोणी त्यांच्याकडून हातमोज्यांचे पैसे घेत नाही. ट्रेनिंगचा वेळ मात्र त्यांच्या पदरातून घेतला जातो.

कामाचा वेळ कशाला म्हणायचं?

काम म्हणजे फक्त पोछा हातात असणं, अशी समजूत करून दिली जाते. ती चुकीची आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३० साली दुकानं आणि कचेऱ्यांतल्या कामाच्या तासांबाबत एक करार केला. त्यात कामाच्या तासांची व्याख्या साधी आहे : ज्या वेळेत कामगार मालकाच्या हुकमाखाली असतो ती वेळ. आपल्या देशातल्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यातही व्याख्येचा गाभा हाच होता. एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेला ड्रायव्हर गाडी चालवत नसतो, पण तो घरीही जाऊ शकत नाही. तो वेळ त्याचा नसतो.

ही कसोटी ताईंच्या बुधवारला लावून बघा. साडेतीन ते चार त्या नुसत्या बसून होत्या, शिकवणारे साहेब आले नव्हते. पण "कोणी जायचं नाही" असा हुकूम होता. म्हणून तो अर्धा तासही मालकाच्याच खात्यात. आणि चार ते साडेपाचचा दीड तास तर उघडच.

दुसऱ्या देशांनी हा प्रश्न कसा सोडवला तेही सांगतो. तिकडचा कायदा इथे लागू होत नाही, पण विचार करायला उपयोगी आहे. रोमानियातल्या एका सरकारी कर्मचाऱ्याला त्याच्या नेहमीच्या वेळेबाहेर आणि नेहमीच्या जागेबाहेर सक्तीचं प्रशिक्षण घ्यावं लागलं होतं. त्याचं प्रकरण युरोपच्या न्यायालयात गेलं. २०२१ साली न्यायालयाने सांगितलं की मालकाच्या सांगण्यावरून घेतलेल्या प्रशिक्षणाचा वेळ हा कामाचाच वेळ आहे. तो कर्मचारी तेव्हा रोजचं काम करत नव्हता, याने काही फरक पडत नाही.

अमेरिकेत याबाबत चार अटी लिहून ठेवल्या आहेत. ट्रेनिंग ड्युटीच्या वेळेबाहेर असलं पाहिजे, येणं न येणं खरोखर मर्जीचं असलं पाहिजे, विषयाचा त्या कामाशी थेट संबंध नसला पाहिजे, आणि तिथे मालकाचं काही काम होता कामा नये. या चारही अटी एकाच वेळी पूर्ण झाल्या तरच तो वेळ कामात न धरण्याची मुभा आहे. एक जरी हुकली तरी तास मोजायचे. ताईंच्या रविवारच्या ट्रेनिंगमध्ये मर्जीची अट हुकली आणि विषयाची अटही हुकली. रोज ज्या पिशव्या उचलतात त्यांच्याबद्दलच तर ते ट्रेनिंग होतं.

सक्ती होती की मर्जी, हे कसं ओळखायचं? कागदावर काय लिहिलं आहे ते बघू नका, न आल्यावर काय झालं ते बघा. कित्येक ठिकाणी हजेरीच्या कागदावर "स्वेच्छेने उपस्थित" असं आधीच छापलेलं असतं. पण जी बाई आली नाही तिचा अर्धा दिवस कापला, तिला मेमो दिला, किंवा "पुढच्या महिन्यापासून बघू" अशी धमकी दिली, तर ती सक्तीच. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "सर्वांनी उपस्थित राहणे बंधनकारक आहे" असा निरोप आला असेल तर मग बोलायलाच नको.

दोन प्रश्न, दोन हिशोब

इथे बहुतेकांची गल्लत होते, म्हणून सावकाश सांगतो. पहिला प्रश्न : हा वेळ कामाचा आहे का? असेल तर त्याचे निदान साधे पैसे मिळायला हवेत. दुसरा प्रश्न : हा वेळ धरल्यावर दिवसाची किंवा आठवड्याची मर्यादा ओलांडली जाते का? जात असेल तर ओलांडलेल्या तासांना दुप्पट दर. पहिल्या प्रश्नाचं उत्तर "हो" आलं म्हणून दुसऱ्याचंही "हो" येईलच असं नाही.

महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात, २०१७ च्या, दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास अशी मर्यादा घातली होती, आणि त्यापुढे दुप्पट मजुरी. खाजगी रुग्णालयं आणि दवाखाने या कायद्याच्या व्याख्येत येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा नवावरून दहावर आणि कायदा लागू होण्यासाठीची कामगारसंख्या दहावरून वीसवर नेण्याचा निर्णय घेतला. पण आठवड्याचे अठ्ठेचाळीस आणि दुप्पट दर तसेच राहिले. म्हणून आम्ही सांगतो, आठवड्याची बेरीज करायला शिका. आता सगळा जोर तिथेच आहे.

हे अठ्ठेचाळीस आभाळातून पडलेले नाहीत. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर मंत्री होते, तेव्हा १९४६ साली त्यांनी कारखाना कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं. बारमाही कारखान्यांतला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आला तो त्या दुरुस्तीने. हे सहा तास कामगाराच्या अंगाला आणि घराला परत मिळावेत म्हणून मिळवलेले आहेत. त्यातले पाच तास "ट्रेनिंग" म्हणून गुपचूप परत घेतले जात असतील, तर आपण निदान मोजायला तरी हवं.

आता ताईंचा हिशोब. त्यांचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिन्याला १५,६०० रुपये आहे. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले तर रोज ६०० रुपये. आठ तासांनी भागलं की तासाला ७५ रुपये.

त्या आठवड्यात नेहमीची ड्युटी ४८ तास झाली. बुधवारी साडेतीन ते साडेपाच, दोन तास. रविवारी दहा ते दीड म्हणजे साडेतीन तास, त्यातून चहा-नाश्त्याचा अर्धा तास वजा, म्हणून तीन तास. ही वजाबाकी आपणच आधी करावी, मग समोरच्याला बोट दाखवायला जागा राहत नाही. एकूण बेरीज ५३ तास. अठ्ठेचाळीसच्या वर पाच तास. तासाला दुप्पट म्हणजे १५० रुपये, पाच तासांचे ७५० रुपये.

कोणी म्हणेल, बुधवारी दहा तास झाले, म्हणजे नवाच्या वर एक तास, तो वेगळा धरा आणि सहा तासांचे पैसे मागा. तसं करू नका. तो एक तास त्या पाचात आधीच आलेला आहे. एकच तास दोनदा मागितला की खरा हिशोबही खोटा वाटायला लागतो.

आता दुसरी बाजू बघा. त्याच आठवड्यात ताई शुक्रवारी पोराच्या तापामुळे घरी राहिल्या असत्या, आणि बिनपगारी रजा म्हणून ६०० रुपये कापले गेले असते, तर? नेहमीची ड्युटी ४० तास, ट्रेनिंग ५ तास, बेरीज ४५. अठ्ठेचाळीस ओलांडले नाहीत. मग दुप्पट दर पाचही तासांना मिळणार नाही. पण पाच तास काम झालं आहे, त्याचे साधे पैसे ३७५ रुपये मिळायलाच हवेत. दिवसाची मर्यादा नऊ धरली तर बुधवारच्या एका तासाला आणखी ७५ रुपये, एकूण ४५०. मर्यादा दहा धरली तर ३७५ वर थांबायचं. पण "अठ्ठेचाळीस झाले नाहीत म्हणून काहीच नाही" हे उत्तर चालणार नाही. एका हाताने दिवस कापायचा आणि दुसऱ्या हाताने पाच तास फुकट घ्यायचे, असा कायदा कुठेच नाही.

आपल्यातल्या काही जणी रोज सहा तासांची पाळी करतात. त्यांचा आठवडा छत्तीस तासांचा. पाच तास ट्रेनिंग झालं तरी एकेचाळीसच होतात. त्यांना दुप्पट नाही, पण साधे पैसे नक्की. त्यांनी दुप्पट मागितली आणि नकार मिळाला म्हणून साधे पैसेही सोडून दिले, असं होऊ नये.

हजेरीचे दोन कागद

आता खरी गोम. रुग्णालयात हजेरीचे दोन कागद असतात. एक मस्टर, किंवा बोट लावायचं मशीन. त्यावरून पगार निघतो. दुसरा ट्रेनिंगचा हजेरी कागद, ज्यावर तारीख, विषय, शिकवणाऱ्याचं नाव आणि तुमच्या सह्या असतात. बऱ्याचदा फोटोही काढतात. हा दुसरा कागद तपासणीला येणाऱ्यांना दाखवायला जपून ठेवला जातो.

बुधवारी ताईंना साडेतीनला आधी मशीनवर बोट लावायला सांगितलं आणि मग ट्रेनिंगच्या खोलीत नेलं. म्हणजे मस्टरवर त्या साडेतीनला घरी गेल्या, आणि ट्रेनिंगच्या कागदावर साडेपाचपर्यंत इमारतीत होत्या. एकाच मालकाच्या कपाटातले दोन कागद एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. प्रशिक्षण दिलं हे दाखवायला ताईंची सही चालते, तर पैसे द्यायलाही तीच सही चालली पाहिजे. मालक त्या कागदाला खोटं म्हणू शकत नाही. म्हटलं तर वार्षिक अहवालातला आकडाही खोटा ठरतो. तुमच्या मागणीचा सगळ्यात भक्कम पुरावा मालकाने स्वतःच तयार करून ठेवलेला आहे.

म्हणून एक सवय लावून घ्या. ट्रेनिंगच्या कागदावर सही करताना सहीशेजारी येण्याची आणि सुटण्याची वेळ लिहा. घरी गेल्यावर साध्या वहीत तारीख, वेळ, विषय, कोणी बोलावलं आणि मधली सुट्टी किती, एवढं लिहून ठेवा. बोलावण्याचा निरोप मोबाईलवर आला असेल तर तो पुसू नका.

आजकाल एक नवी तऱ्हा निघाली आहे. मोबाईलवर लिंक येते, घरी बसून व्हिडिओ बघा, शेवटी प्रश्नांची उत्तरं द्या, पंचाण्णव टक्के पडेपर्यंत पुन्हा द्या. तेही सक्तीचं असेल तर कामच. तिथे वेळेचा वाद जास्त होतो, म्हणून सुरू केल्याच्या आणि संपल्याच्या वेळेचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मागायचं कसं

एकटीने जाऊ नका. कंत्राटावरच्या बाईला उद्या येऊ नको म्हणायला कंत्राटदाराला एक फोन पुरतो, हे आम्हाला माहीत आहे. ज्या ज्या ट्रेनिंगला होत्या त्या सगळ्यांनी मिळून एकच अर्ज करा. अर्जात भांडण नको. तारखा, तास, दर आणि रक्कम एवढंच. एक प्रत कंत्राटदाराला, एक रुग्णालयाच्या प्रशासनाला, आणि दोन्हीकडून पोच घ्या.

रुग्णालय म्हणेल, तुमचा पगार कंत्राटदार देतो, त्याला विचारा. कंत्राटदार म्हणेल, ट्रेनिंग रुग्णालयाने ठेवलं, त्यांना विचारा. या टोलवाटोलवीला १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने उत्तर दिलं होतं : कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यायची आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायची. नव्या कामगार संहितांमध्येही ही जबाबदारी कायम आहे. या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यातल्या वेतन संहितेत मजुरीच्या दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत आहे. दाद मिळाली नाही तर पोच घेतलेला अर्ज, वहीची पानं आणि पगाराच्या स्लिपा घेऊन कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जायचं.

बदली सुट्टी देतो म्हणाले तर? रविवार गेला असेल तर त्या बदल्यात सुट्टी मिळायलाच हवी. २०१७ च्या कायद्यात ती दोन महिन्यांच्या आत द्यायची असं आहे. "देऊ कधीतरी" हे उत्तर नव्हे, तारीख लिहून घ्या. आणि बुधवारच्या दोन तासांचा बदली सुट्टीशी काही संबंध नाही, त्यांचा हिशोब वेगळा.

जिथे हा हिशोब चालत नाही तेही सांगायला हवं. आपल्या आशाताईंना शासन कामगार म्हणून धरत नाही, मानधन देतं. त्यामुळे ओव्हरटाईमची ही बेरीज त्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही. त्यांची लढाई आधी कामगार म्हणून ओळख मिळवण्याची आहे. तसंच एखादी मुलगी पुढे नर्स व्हायचं म्हणून स्वतःच्या हौसेने संध्याकाळचा कोर्स करत असेल, तर त्याचे तास रुग्णालयाकडे मागता येणार नाहीत.

हे आरोग्याच्या पानावर का?

रात्रपाळीच्या एका मुलाची गोष्ट. रात्री अकरा ते सकाळी सात ड्युटी. सातला सुटल्यावर कचऱ्याच्या ट्रेनिंगसाठी नऊपर्यंत थांबवलं. त्याच्या हातात सर्टिफिकेट आहे. आम्ही त्याला विचारलं, सुई कशात टाकायची? तो म्हणाला, लाल पिशवीत. चूक. सुई आणि ब्लेड पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जातात. लाल पिशवी सलाईनच्या नळ्यांसाठी, पिवळी रक्ताने भिजलेल्या कापसासाठी, निळा डबा फुटलेल्या काचेसाठी. मुलगा मठ्ठ नाही. तो झोपेत होता. लाल पिशवीतली ती सुई उद्या कोणाला टोचेल? पिशवी उचलणाऱ्या ताईंना, त्यांच्या मांडीला.

आणि टोचलीच तर जखम पिळत बसू नका. साबण-पाण्याने धुवा, लगेच कळवा, नोंद करायला लावा. एचआयव्ही टाळण्याची औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, बहात्तर तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. हे ट्रेनिंगमध्ये शिकवतात. पण जागं असलेल्या माणसालाच ते कळतं.

म्हणून आमची पहिली मागणी पैशाची नाहीच. ट्रेनिंग ड्युटीच्या वेळेत घ्या, ही आहे. चाळीस जणांना एकदम रविवारी बोलावण्यापेक्षा आठ-आठ जणांच्या पाच तुकड्या करा, मंगळवार-बुधवारी दुपारी पाऊण-पाऊण तास घ्या, तेवढा वेळ बाकीच्यांनी वॉर्ड सांभाळावा. हे होत नाही, कारण रविवार फुकट मिळतो. ताईंसारख्या चाळीस जणींचे प्रत्येकी ७५० रुपये म्हणजे एका आठवड्याचे तीस हजार. हे तीस हजार खरोखर द्यावे लागले, तर पुढच्या वर्षी ट्रेनिंग आपोआप मंगळवारी दुपारी होईल. दुप्पट दर ठेवला आहे तो यासाठीच. कामगाराला श्रीमंत करायला नव्हे, मालकाला जादा वेळ घेण्यापूर्वी विचार करायला लावण्यासाठी.

ताईंनी आणि त्यांच्याबरोबरच्या अकरा जणींनी मागच्या महिन्यात अर्ज दिला. पोच मिळाली आहे, पैसे अजून नाहीत. पण एक गोष्ट झाली. परवाच्या ट्रेनिंगला सुपरवायझरने आधी बोट लावायला सांगितलं नाही. म्हणाला, सुटल्यावर लावा.

वस्तीत ज्यांना आपल्या आठवड्याची बेरीज करून हवी असेल त्यांनी दोन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि ट्रेनिंगच्या तारखा घेऊन रविवारी वंदनेनंतर विहारात यावं. आम्ही वही-पेन घेऊन बसलेले असू.

जय भीम.